परताव्याच्या पत्रावरचा पत्ता

साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात मी जन्मभर पत्रं लिहिली. उसाच्या तक्रारींना अशी उत्तरं द्यायचो, की माणूस वाचूनच थंड व्हायचा. पण स्वतःच्या पोराची फी परत मागायला बसलो आणि पत्त्याच्या ओळीवरच अडलो.

आधी माझा गाढवपणा सांगतो. पोरगा आयटीआय झालेला वेल्डर. नगरच्या एका कन्सल्टन्सीने त्याला आखातातल्या कंपनीत काम देतो म्हणून दीड लाख घेतले. पासपोर्ट आणि मूळ प्रमाणपत्रंही ठेवून घेतली. व्हिसा हातात पडलाच नव्हता. ‘पासपोर्ट, तिकीट मुंबईत मिळेल’ एवढ्या शब्दावर मी गावात सत्काराचा घाट घातला. मारुतीच्या पारावर फ्लेक्स, शाल, नारळ, सगळं केलं. कन्सल्टन्सीवाला स्वतः प्रमुख पाहुणा होता. मिरवायची हौस माझी, पोराची नव्हे.

मुंबईला विमानतळाजवळच्या लॉजवर चार दिवस काढल्यावर पोराला कळलं, की तिकीट नाही आणि व्हिसाही नाही. शाल पांघरून गेलेला माणूस कोणत्या तोंडाने परत येणार? तो परस्पर चाकणला गेला आणि प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स दाखवून ठेकेदाराकडे लागला. गाव समजत होतं, तो परदेशात आहे. आम्ही समजू दिलं. बायको डेअरीवर दूध घालायला जायची, तिथे बाया विचारायच्या आणि ही सांगायची, “पोचला सुखरूप. काम लई हाय म्हनतो, फोन कमी करतो.” सात महिने मी गप्प बसून ते ऐकलं.

कन्सल्टन्सीवाला दर वेळी पुढच्या आठवड्याचा वायदा करायचा. वर दम द्यायचा, “पैसे मागितले की फाइल बंद.” शेवटी मी नेवाशाच्या कोर्टातल्या ओळखीच्या वकिलाला गाठलं. तो म्हणाला, “एजंटाला कायद्यानं तीस हजार आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. तेही नोंदणी असेल तर. नोंदणी क्रमांक लेखी मागा. पासपोर्टसुद्धा त्याला ठेवता येत नाही. आणि पत्ता पासपोर्टवरचाच घाला. उद्या पोलिसात, ग्राहक आयोगात हेच पत्र लागणार.”

पासपोर्टवरचा पत्ता म्हणजे आमचं घर. उत्तर आलं तर गावच्या पोस्टमनच्या हातून येणार, चौकशी आली तर पोलीस दारात येणार. पोरगा फोनवर चिडला. “दादा, चाकणचा पत्ता घाला, न्हाईतर मी सहीच करनार न्हाई. पैसे बुडाले तर बुडू द्या.”

मीही भडकलो. तुझ्या आईने किती दिवस खोटं बोलायचं, असं काहीबाही ओरडलो. बायकोने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

“पैशाचं ऱ्हाऊ दे बाजूला,” ती त्याला म्हणाली. “दिवाळीला तू चाकणला खानावळीत जेवला. मला घास गेला न्हाई. घरचा पत्ता घालू दे. त्या निमतानं तरी घरी ये.”

त्याने फोन मला द्यायला सांगितला. मग म्हणाला, “लिहा.”

मी लिहिलं. ठरलेली नोकरी मिळालेली नाही, सबब घेतलेली पूर्ण रक्कम, पासपोर्ट आणि मूळ प्रमाणपत्रे पंधरा दिवसांत परत करावीत आणि आपला नोंदणी क्रमांक लेखी कळवावा. अन्यथा पोलीस, ग्राहक आयोग आणि परदेशी जाणाऱ्या कामगारांच्या तक्रारी ऐकणारे मुंबईचे सरकारी कार्यालय यांच्याकडे दाद मागू. सोबत बँकेतून पाठवलेल्या रकमेचा उतारा जोडला. ‘फसवणूक’ हा शब्द ऑफिसच्या सवयीने गाळला होता, तो पुन्हा घातला. रविवारी पोरगा सही करायला आला. दिवसाउजेडी, एसटीने. पारावर कोणीतरी विचारलं, “कवा आला दुबईवरनं?” तो उभा राहिला आणि म्हणाला, “गेलोच न्हवतो. फसवलं मला.” त्या क्षणी मला त्याचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा सत्काराच्या दिवशीही वाटला नव्हता.

सोमवारी मी ते पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवलं. त्याच संध्याकाळी आमचा शेजारी आला. सत्काराला पहिला हार त्यानेच घातला होता. पाणी दिलं, पण त्याने तांब्याला हात लावला नाही. म्हणाला, “मागच्या महिन्यात आमच्या जावयाचे पैसे भरले. त्याच हापिसात. त्या कन्सल्टन्सीवाल्यानं तुमच्या सत्काराचा फोटो दाखवला. तरी मी लगेच न्हाई भरले. घरात इचारलं.”

मग तो माझ्या बायकोकडे वळला. आवाज अजिबात चढला नव्हता.

“वैनी, पोरगं सुखरूप पोचलं, असं तुमीच आमच्या मंडळीला सांगितलं हुतं ना?”

बायको चुलीपुढून उठली, पदर सारखा करून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

“व्हय,” ती म्हणाली. “मीच सांगितलं.”