चौतीस नंबरची कंबर

मला माणसं आधी चौथाईत दिसतात. रिक्षाची वाट बघत समोर एखादी बाई उभी असली की तिची छाती भागिले चार, कंबर भागिले चार, सीट भागिले चार, असं डोक्यात आपोआप सुरू होतं. सीट म्हणजे आमच्या धंद्यात नितंबांचा घेर. त्यात लाजण्यासारखं काही नाही. ही सवय वाईट आहे असं माझी मुलगी म्हणते. म्हणू दे. या सवयीवरच मी उभी आहे.

अंबडच्या ज्या शिलाई युनिटमध्ये मी काम करते, तिथं मी लागले ती काजं-बटणं करायला. मग शिलाईच्या मशीनवर, मग कटिंगला मदतनीस, आणि बऱ्याच वर्षांनी कागदावर कपड्याचे भाग आखणाऱ्या मास्टरांच्या टेबलापाशी, खाकी कागद आणि फुटपट्टी घेऊन. "कानामागून आली आणि तिखट झाली," असं मशीनवरच्या बायका माझ्या तोंडावर म्हणायच्या. मी म्हणायचे, "तिखट पहिल्यापासूनच होते, तुम्ही चव घेतली नव्हती."

मास्टर सत्तरीला टेकले होते आणि संक्रांतीनंतर येणार नव्हते. त्यांच्या जागी कोण, हा प्रश्न मालकांनी सगळ्यांदेखत मिटवला होता. दिंडोरीच्या बाजूला एक द्राक्षांचं पॅकहाऊस आहे, तिथल्या बायकांसाठी कोट शिवायचे होते. त्याच्या सगळ्या साईजी मी एकटीनं काढायच्या. जमलं तर टेबल माझं. नाही जमलं तर भिवंडीहून एक माणूस यायला तयारच होता.

कोट साधाच. साडीवरून घालायचा, पाच बटणं, मांडीपर्यंत लांब, दोन्ही बाजूंना कट. अडतीस नंबर ही मूळ साईज धरून नमुना शिवला, तो पसंत पडला. आता त्याच कागदावरून खाली छत्तीस आणि चौतीस, वर चाळीस ते चव्वेचाळीस काढायचे. याला आम्ही ग्रेडिंग म्हणतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, कागद थोडा मोठा कापायचा, थोडा लहान कापायचा, त्यात काय एवढं. तसं करून बघावं एकदा. एका साईजला छाती दोन इंचांनी वाढते, पण आपल्यापुढचा कागद अंगाच्या चौथाईचा, म्हणजे वाढ अर्धा इंच. अर्धा इंच म्हणजे चार सूत. ती चारही सुतं बगलेच्या शिलाईत ढकलली तर खांदा आखूड राहतो आणि मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल, बगलेत काचतो. म्हणून अर्धं सूत गळ्याला, एक सूत खांद्याला, आणि राहिलेली अडीच सुतं मुंढ्याकडून बगलेपर्यंत. हे मला मास्टरांनीच शिकवलं. कंबरेचा आणि सीटचा त्यांचा नियम मात्र सोपा होता: जे छातीला तेच खाली. दोन, दोन, दोन.

मी तसंच केलं. पॅकहाऊसनं सगळ्या बायकांची मापं परकरावरून घेऊन पाठवली होती, नीट घेतलेली होती. साडीसाठी मूळ साईजमध्ये दोन इंच जादा सोडले आणि सगळ्या साईजी काढल्या. प्रत्येक साईजचे चार कोट शिवून घालून बघायला पाठवले. मोठ्या साईजींची मला काळजी होती. जाड बाईच्या कोटाची बटणं ओढली जातात ही सगळ्यांना ठाऊक असलेली भीती.

तिसऱ्या दिवशी मालकांच्या मोबाईलवर फोटो आले. चव्वेचाळीस नंबर झकास बसला होता. बेचाळीस, चाळीस, सगळे छान. चौतीस आणि छत्तीस नंबरच्या बायकांच्या कंबरेवरचं बटण मात्र उघडं होतं. सगळ्यात बारीक बायकांच्या.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मालक म्हणाले, "त्यांना एक साईज मोठी द्या, विषय संपला. सोमवारी कापड कापायला घ्यायचंय." मास्टरांनी माझे कागद मापले, आकडे बरोबर निघाले, आणि ते म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही. बायकांनी मापं देताना पोट आत ओढलं असेल." माझी पाठराखणच करत होते बिचारे. पण मला त्यानं बरं वाटेना. आकडे बरोबर आणि कोट चूक, म्हणजे मी उंटावरून शेळ्या हाकत होते.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन पॅकहाऊसला गेले. हंगाम अजून सुरू व्हायचा होता, आत टेबलं धुणं चाललं होतं. चौतीस नंबरचा कोट घातलेली बाई पेठकडची होती. काटक, माझ्या खांद्याला लागेल एवढी. श्वास रोखून तिनं कंबरेचं बटण लावलं आणि टेबलावर वाकून दाखवलं. बटण सुटलं. छत्तीस नंबरचंही तसंच झालं, म्हणून मग मी तिला अडतीस नंबर घालायला दिला. बटण लागलं, पण खांदे दंडावर उतरले आणि बाह्या बोटांवर आल्या. या हातांनी तिला कात्रीनं द्राक्षाचे घड नीट करायचे होते.

"ताई, यात माझा हात कुठं हाय तेच घावत नाय," ती म्हणाली. बाकीच्या हसल्या, मग तीच गंभीर झाली. "उघडं बटन चालत नाय आत. मग आमाला भायेर क्रेट धुवाया बसवत्यात. दिसभर पान्यात."

मी तिची कंबर साडीवरून मापली. बत्तीस. यादीत परकरावरून अठ्ठावीस होती. साडीचे चार इंच! मी तर दोनच धरले होते. लगेच चव्वेचाळीस नंबरच्या देखरेखीच्या बाईंना बोलावलं. परकरावरून एकोणचाळीस, साडीवरून चाळीस. जेमतेम एक इंच. अडतीस नंबरची एक बाई मापली, तिचे दोन. मी तिथंच उभी राहिले, टेप हातात धरून, आणि मग वेड्यासारखी तिघींच्या निऱ्या मोजायला लागले. पेठच्या बाईच्या आठ. देखरेखीच्या बाईंच्या पाच.

साडी सगळ्यांना साडेपाच मीटरचीच. बारीक बाईच्या अंगाभोवती फेर घ्यायला कापड कमी लागतं, उरलेलं सगळं निऱ्यांत जातं आणि पोटापाशी खोचलं जातं. बाई जितकी बारीक, तितका तो गठ्ठा जाड. मोठ्या साईजला पोट दोन इंचांहून थोडं जास्त वाढतं, पण निऱ्या तेवढ्याच कमी होतात, म्हणून मास्टरांचा दोन-दोनचा नियम तिथं बिनबोभाट खपून जात होता. मी स्वतः लग्नापासून साड्या नेसत आले आहे. पण कामावर पंजाबी ड्रेस घालते आणि टेबलापुढे उभी राहिले की फक्त आकडे बघते. राग आला मला माझाच.

परत येऊन मी चौतीस आणि छत्तीस नव्यानं काढले. छाती एका साईजला दोन इंचच कमी, तिथं निऱ्या नाहीत. कंबर मात्र एकच इंच कमी, आणि तो सगळा पाठीतून. मागच्या दोन पल्ल्यांना, म्हणजे पाठीच्या दोन भागांना, अर्धा-अर्धा इंच कमी केला, पुढच्या दोन पल्ल्यांना कंबरेत हातच लावला नाही, कारण गठ्ठा पुढं असतो. सीटला निऱ्या सुटून पसरतात, म्हणून तिथं दीड इंच: मागं अर्धा-अर्धा, पुढं पाव-पाव. मग पुढच्या आणि मागच्या बगलेच्या कडा एकमेकींवर चालवून लांबी जुळवली, जोड कळायला खाचा पाडल्या.

चौतीसचा पुढचा पल्ला बगलेला जवळजवळ सरळ झाला. मास्टरांनी तो उचलून उजेडात धरला. "ही कंबर आहे का विजेचा खांब?"

"निऱ्यांसाठी आहे," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

त्यांना पटलं नाही. इतक्या वर्षांत असा कागद पाहिला नाही म्हणाले, कोट गोणपाटासारखा दिसेल म्हणाले. मालकांनी घड्याळ बघितलं. मी म्हटलं, "दोन कोट शिवते, उद्या मास्टर माझ्याबरोबर येतील. नाही बसले तर भिवंडीला फोन करा." एवढं बोलून मी लगेच कापड काढायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेम्पोत पुढं बसून गेलो. पेठच्या बाईनं कोट चढवला, पाचही बटणं लावली. खांदा खांद्यावर, बाही मनगटावर. वाकून दाखवा असं मी सांगायच्या आत पलीकडून कोणीतरी तिला हाक मारली आणि ती गेली. टेबलावर ओणवी होऊन पुसायला लागली, पार पलीकडच्या कडेपर्यंत हात नेऊन. कोट अंगावर आहे हेही ती विसरली होती. आणि तो गोणपाटासारखा मुळीच दिसत नव्हता. निऱ्यांनी आतून भरून तिची कंबर कंबरेसारखीच दिसत होती. मला एवढा अभिमान वाटला की मी तो लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. मास्टरांकडे बघून चांगली हसले.

ते हसले नाहीत. ते तिच्याकडेच बघत होते.

युनिटमध्ये परतल्यावर मालकांना ते एवढंच म्हणाले, "हिच्या कागदावर कापा." मग भिंतीवरच्या हुकांपाशी गेले. तिथं त्यांच्या जुन्या ऑर्डरींचे कागद टांगलेले असतात. शोधून शोधून त्यांनी एक जुडगा काढला, कडा मऊ पडलेला. दवाखान्यातल्या आयांचे कोट. साडीवरून घालायचे. ही ऑर्डर दरवर्षी येते आणि दरवर्षी त्याच कागदावर कापली जाते.

"माझी बायको आजारी होती तेव्हा मी तिथं महिनाभर होतो," ते म्हणाले. "दोन-तीन आया होत्या, अगदी किरकोळ अंगाच्या. कायम खालची बटणं उघडी टाकायच्या. मी शिवलेला कोट, आणि असा घालतात. एकदा मी एकीला बोललो. म्हटलं, गबाळ्यासारखं राहू नये, बाई."

"ती काय म्हणाली?"

"तिनं पदर ओढून घेतला वरून."

त्यांनी तो जुडगा टेबलावर माझ्यापुढं ठेवला, वरची धूळ हातानं पुसली आणि स्वतःचं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"हा आधी घे," ते म्हणाले. "चौतीसपासून."