शोकपत्राची तिसरी प्रत

आमच्या शाळेत अशी बातमी आहे, की मराठीच्या नागूबाई मॅडमनी शोकपत्रसुद्धा लाल पेनानं तपासलं आणि दहापैकी चार गुण दिले. साफ खोटं. गुण दिले नाहीत, आणि पेन हिरवं होतं. ऑफिसात बसून ते पत्र मीच टाईप करत होते, म्हणून ठाऊक.

कन्नड शिकवणारे राजशेखर सर हृदयविकारानं गेले. त्यांच्या घरी, चिंताकीला जायला जीप दारात उभी होती. हेडमास्तर आप्पाराव सरांनी जुन्याच एका शोकपत्रात नावं बदलून मजकूर दिला. सुरुवातच ‘सौ. मल्लेश्वरी यांस’!

“सर, नवरा गेलाय त्यांचा! श्रीमती लिहा.” मॅडमचं पेन पुढं सरकलं. “‘सर वारला’? अहो, ‘सरांचे निधन झाले’. ‘त्याचा स्वभाव’ न्हाई, ‘त्यांचा’. आणि खाली ‘आपले शुभेच्छुक’! कुणाचं लगीन हाय का?”

“ह्हं, मॅडम,” सर प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरतात, “जीपवाला हॉर्न मारायलाय.”

“मारू द्या.”

दुसरी प्रत बिनचूक निघाली. सरांनी सही ठोकली. निघतोय सांगायला मॅडमनी राजशेखर सरांच्या धाकट्या भावाला, गुरुबसवण्णांना फोन लावला.

“अण्णा, आता येतोच. दहाव्यालाबी सगळे येऊ. पत्रात तसं लिहिलंय.”

तिकडून गुरुबसवण्णा म्हणाले, “मॅडम, आम्हा लिंगायतांत दहावं कुठलं? आमचे अण्णा लिंगैक्य झाले. तुम्ही व्हतात की मातीच्या दिवशी.”

मॅडमनी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. “व्हते ना! बसवून माती दिली, ती ह्या डोळ्यांनी बघितली. आणि इथं बसून नुसती क्रियापदं निवडायले! ‘आत्म्यास सद्गती’ काय, ‘दशक्रियेस उपस्थित राहू’ काय! पोरी, नवीन पान घे. लिही, आदरणीय राजशेखर सर लिंगैक्य झाले. आपल्या दुःखात आम्ही सर्वजण सहभागी आहोत.”

मी हळूच म्हणाले, “मॅडम, हेडमास्तर सर आता परत सही करत न्हाईत. लावा पैज. हरले तर महिनाभर तुमच्या वह्या घरापर्यंत उचलते.”

“लावली.”

सर खवळलेच. “ह्हं! एकच पत्र किती बारी? हाय तेच द्या. कोण वाचायलंय एवढं?”

“बरं. हेच देऊ. तिथं सगळ्यांसमोर तुम्हीच वाचून दाखवा. आधी इथं एकदा वाचा.”

सरांनी दुसरी प्रत उचलली. आवाज मोठा होता. ‘दशक्रियेस’पाशी बारीक झाला, मग थांबलाच.

“मल्लेश्वरीअक्का समोर असतील व्हय?”

“समोरच.”

सरांनी खाकरायचंही सोडलं. पेनासाठी नुसता हात पुढं केला.

नववीच्या निबंधवह्या फार जड असतात. मॅडमचं घरही लांब आहे.