हप्त्यावरची नवरी

पार्लरवाल्या ताई तशा मऊ स्वभावाच्या, पण हप्त्यांच्या बाबतीत अगदी दगड. त्याला कारण होतं. पूर्वी त्या उरलेले पैसे लग्नानंतर मागायच्या, आणि लग्न उरकलेल्या घरात मेकअपचे पैसे कोणाला आठवतात? नवरी सासरी, आईला ताप, बाप म्हणणार मुलीलाच विचारा. एका घरानं तर वर्षभर टोलवाटोलवी करून शेवटी सांगितलं, की मेकअप घामानं उतरला होता, आता कसले पैसे? तेव्हापासून नियम झाला. तारीख राखायला पहिला हप्ता, तो परत मिळणार नाही. मग महिन्याला एक, आणि शेवटचा लग्नाच्या आधी. हप्ता चुकला तर आठवडाभर वाट बघायची, मग तारीख मोकळी. खाली नवरीची सही.

तरी एक भगदाड उरलंच होतं, ते ट्रायलचं. काही मुली ट्रायलचा मेकअप करून घेत, सगळ्या बाजूंनी फोटो काढत आणि गायब होत. मग तोच फोटो दुसऱ्या पार्लरमध्ये दाखवून तोच चेहरा अर्ध्या पैशात. म्हणून निम्मे हप्ते भरल्याशिवाय ताई ट्रायलचा ब्रशसुद्धा हातात धरत नसत.

कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या एका मुलीनं सगळ्यात मोठं पॅकेज घेतलं होतं. लग्नाचा मेकअप, संध्याकाळचा वेगळा, केस, भाड्याचे दागिने, हॉलवर दोन मदतनीस. सगळं स्वतःच्या पगारातून. निम्मे हप्ते वेळेवर आले, ट्रायल झाली, तिनं पोटभर फोटो काढले. पुढचा हप्ता मात्र आला नाही, आणि फोनही उचलेना.

"गेली ही," ताईंची नणंद म्हणाली. हिशेब तीच बघायची, आणि तिचा विश्वास सख्ख्या भावावरही नव्हता. "फोटो घेऊन उडाली. आणि तुम्ही कंत्राटदारबाईंना ताटकळत ठेवलंय."

कंत्राटदाराच्या बायकोला लेकीसाठी तीच तारीख हवी होती, तीही हॉलवर, आणि सगळे पैसे आगाऊ द्यायची तयारी होती. ताईंनी तिला आठवडा संपेपर्यंत थांबवलं होतं. नियम मोडायचा नव्हता, ना मुलीच्या बाजूनं, ना तिच्या विरुद्ध. पण मनातून ताईही मुलीवर चिडल्या होत्या.

मुदत संपायच्या आदल्या दुपारी मुलगी दारात उभी. मान खाली.

"ताई, तारीख देऊन टाका कुणाला तरी. फक्त लिपस्टिकचा नंबर सांगाल का? फोटो बघून घरी सराव करतेय मी. बाकी जमतंय, डोळा मात्र एकच नीट होतो."

"आणि फोन का नाही उचललास?"

"ओव्हरटाइम बंद झाला. पैसे नाहीत एवढं सांगायला काय फोन उचलायचा?"

ताईंना स्वतःचीच लाज वाटली. इथे बसून आपण हिला चोर ठरवलं, आणि ही पोरगी घरी आरशासमोर दुसऱ्या डोळ्याशी झगडत होती.

नणंदेनं त्यांना आतल्या खोलीत ओढलं. "वहिनी, दया करायची असेल तर खुशाल करा. पण पुढचं भाडंही दयेनंच भरा."

"दया कुठली? हिशेब मांड. तिनं भरलंय त्यात काय काय बसतं?"

नणंदेनं नाक मुरडत मांडला. दागिने अजून भाडेवाल्याकडे सांगून ठेवले नव्हते, मदतनिसांना आगाऊ दिलं नव्हतं. तो खर्च आणि संध्याकाळचा मेकअप वजा केला, तर एक मेकअप आणि केस भरलेल्या पैशांत आरामात बसत होते. हॉलवर जाणं तेवढं बसत नव्हतं.

ताई बाहेर आल्या. "पॅकेज छोटं करू. उजाडताच तू इथे यायचं, दागिने घरचे घाल. तुझं आटपून मी दुसऱ्या नवरीकडे जाईन. तिचं लग्न दुपारी आहे."

"उरलेले मी नंतर देईन, ताई. नक्की."

"उरलेलं काही नाहीच. जेवढं भरलंस तेवढंच करतेय. इथे नवी सही कर."

त्या दिवसापासून छापील करारात एक ओळ वाढली: हप्ता अडला तर आधी सांगा, पॅकेज कमी करता येईल. नणंद म्हणाली, आता सगळेच अडतील. फार कोणी अडलं नाही. उलट लोक फोन उचलायला लागले.

लग्नाच्या पहाटे मुलगी बहिणीला घेऊन आली. दोन्ही डोळे सारखे झाले, केस बांधून झाले. उठल्यावर तिनं आरशाकडे न बघता आधी नणंदेकडे बघितलं.

"माझं काही बाकी नाही ना?"

नणंदेनं वही न उघडताच सांगितलं, "नाही ग. सगळं भरलंयस तू."

मग मुलीनं मान वर केली आणि आरशात स्वतःकडे निवांत बघितलं. बहीण घाई करत होती, बाहेर रिक्षा थांबली होती, तरी ती हलली नाही.

"म्हणजे हे माझं आहे," ती म्हणाली.