समोरून येणारी पावलं
आमच्या कामाच्या यादीत मावशींच्या गोष्टीपुढे चोवीस ओळी होत्या आणि चोवीसही ओळींवर माझी बरोबरची खूण होती. म्हणूनच मावशींनी कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि "ह्या नाय चालायचा" म्हणाल्या, तेव्हा मला आधी रागच आला.

पनवेलच्या आमच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत मी आणि माझा धाकटा भाऊ कानांनी ऐकायच्या गोष्टी तयार करतो. आवाजाचं काम त्याचं, बाकी सगळं माझं: वेळा, माणसं, परवानग्या, डबे. त्या वर्षी त्याने एक डोकं बनवलं होतं. कापडाच्या दुकानातल्या पुतळ्याचं डोकं, त्याला सिलिकॉनचे दोन कान, आणि दोन्ही कानांच्या भोकांत एकेक बारीक माइक. अशा डोक्याभोवती जे घडतं ते हेडफोन लावून ऐकलं की आपल्याच डोक्याभोवती घडतंय असं वाटतं. डावीकडून बगळा उडाला की मान डावीकडे वळते. कान माझे होते. दाताचे डॉक्टर जबड्याचा साचा घ्यायला वापरतात ती पावडर कालवून भावाने माझ्या कानांचे साचे घेतले, कारण घरात दहा मिनिटं न बोलता बसू शकणारी मी एकटीच, असं तो म्हणतो. त्याची बायको म्हणते, मी झोपले होते म्हणून.

मावशी खाडीकाठच्या गावच्या. त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर मिठागरात काम केलं. गोष्ट त्यांचीच होती आणि त्यांनीच ती सांगितली होती. सहा वर्षांची मुलगी भर दुपारी बापाची भाकरी घेऊन निघते. सगळे बांध सारखे दिसतात, ती वाट चुकते. मागून कुणीतरी तिला नावाने हाक मारतं. दुपारी मागून हाक आली तर ओ द्यायची नाही, वळून बघायचं नाही, हे आईने बजावलेलं. ती रडत उभी राहते. मग समोरच्या बांधावरून बाप चालत येतो आणि तिला उचलून घेतो. एवढीच गोष्ट. पण हाक मागून आणि बाप समोरून, यावरच ती उभी आहे.

आम्ही बंद पडलेल्या एका मिठागरात डोकं तिवईवर ठेवून ते सगळं टिपलं. बंदराकडे जाणाऱ्या ट्रकांच्या आवाजामुळे तीन सकाळी वाया गेल्या. बापाची पावलं मावशींच्या मुलाची, ओल्या मातीत अनवाणी. घरी येऊन मी डोळे मिटून ऐकलं. हाक पाठीमागे, पावलं नाकासमोर. खूण केली.

"काय नाय चालत, मावशी?" मी विचारलं.

"दोघं पन मागशीच हायत. माजा बापूस मागून येनारा मानूस नव्हता, बाय. असा ऐकला तर लोकांना वाटंल, ज्यानं हाक मारली तोच तो."

तसं असेल तर गोष्ट द्यायची नाही, असं त्या शांतपणे म्हणाल्या आणि चहा पूर्ण पिऊन गेल्या.

मला वाटलं, वयामुळे ऐकण्यात फरक पडला असेल. तरी खात्री करावी म्हणून मी कागदावर एक वर्तुळ काढलं, मध्ये नाक असलेलं डोकं काढलं, त्याच्या प्रती काढल्या आणि इमारतीत फिरले. ऐका, आणि पावलं जिथे वाटतील तिथे फुली मारा. वॉचमनने मागे मारली. वरच्या मजल्यावरच्या कॉलेजकुमारीने मागे मारली. खाली किराणा दुकान चालवणाऱ्या आपांनी गिऱ्हाईक थांबवून दोनदा ऐकलं आणि म्हणाल्या, "आवाज माशाल्ला साफ आहे, पण माणूस पाठीला आहे." भावानेही, थोडं ओशाळून, मागेच मारली. नाकासमोरची फुली एकच होती, माझी.

"अरे, मग आधी बोलला का नाहीस?"

"तू खूण केली होतीस, ताई. मला वाटलं माझंच ऐकणं बिघडलंय."

मग त्याने मला कागदावर समजावलं. बाजूचा आवाज एका कानाला आधी आणि मोठा पोचतो, त्यामुळे डावं-उजवं सगळ्यांना कळतं. नेमका समोरचा आणि नेमका मागचा आवाज मात्र दोन्ही कानांना सारखाच पोचतो. तिथे फरक करतात त्या बाहेरच्या कानाच्या वळ्या. त्या आवाजाचा पोत किंचित बदलतात, आणि आपला मेंदू आपल्याच वळ्यांना सरावलेला असतो. दुसऱ्याच्या वळ्यांनी त्याचा गोंधळ होतो. त्यात डोळ्यांना समोर कुणी दिसत नाही, म्हणजे माणूस मागेच असणार, असं तो ठरवून टाकतो. ते डोकं माझ्या कानांनी ऐकत होतं आणि तपासणारीही मीच होते.

मला लगेच सोपा उपाय सुचला. दुसऱ्या दिवशी मी मावशींना फोन करून म्हटलं, तुमच्याच कानांचे साचे घेऊ, तुम्हाला अगदी बरोबर ऐकू येईल.

त्या म्हणाल्या, "माजा बापूस कुठून आला ता मना ठावं हाय. मना ऐकवून काय करतंस? ज्यांना ठावं नाय त्यांना ऐकव."

मी फोन ठेवला आणि नवी यादी केली. यावेळी पहिली ओळ लिहिली: खूण मी करायची नाही.

भावाने चार जणांच्या कानांचे साचे घेतले आणि घरातच पावलांची चाचणी घेतली. सगळ्यात जास्त लोकांना समोरचं समोर ऐकू आलं ते आपांच्या कानांनी. हे कळल्यावर आपा आठवडाभर गिऱ्हाइकांना कान दाखवत होत्या. पण नुसत्या कानांनी भागणार नव्हतं. म्हणून आम्ही बापाची वाट बदलली. तो एकदम समोर उगवण्याऐवजी उजव्या हाताच्या लांबच्या बांधावर दिसेल, मग वळसा घेत समोर येईल. ऐकणाऱ्याने तो आवाज उजवीकडे एकदा धरला की त्याचं लक्ष आवाजाबरोबर समोर सरकतं. पावलांच्या आधी एक वाक्य लागणार होतं, म्हणजे मेंदूला कुठे बघायचं ते कळेल. ते मावशींनी स्वतःच सांगितलं: "उजवीकडच्या बांधावर बापूस दिसला, आन् मी त्याच्यावरची नजर काडली नाय."

पुन्हा मिठागर, पुन्हा ट्रक, पुन्हा मावशींचा मुलगा चिखलात. पुन्हा वर्तुळांचे कागद. दोन फुल्या अजून मागेच पडल्या. त्या मी खोडल्या नाहीत. बाकीच्या पुढे आल्या होत्या.

मावशी ऐकायला आल्या तेव्हा मी आणि भाऊ भिंतीला टेकून उभे राहिलो. त्यांनी हेडफोन लावून डोळे मिटले. हाक आली तेव्हा त्यांचे खांदे आवळले, पण मान वळली नाही. मग हनुवटी उजवीकडे गेली आणि हळूहळू, पावलांच्या वेगाने, समोर येऊन थांबली. खुर्चीतल्या खुर्चीत त्यांनी दोन्ही गुडघे एका बाजूला वळवले. भावाने माझ्याकडे पाहिलं. मलाही कळलं नव्हतं. नंतर त्यांच्या मुलाने सांगितलं, बांध अरुंद असतो, समोरून ओझंवाला आला की त्याला वाट द्यायला असं तिरकं व्हायचं.

गोष्ट संपली तरी त्यांनी हेडफोन काढले नाहीत. मी कागद आणि पेन्सिल पुढे केली. फुल्या मारायच्या त्या वर्तुळाच्या रेषेकडे त्यांनी बघितलं नाही. फुली मारली ती वर्तुळाच्या पार आत, नाकाला चिकटून.

"येवढा जवल येयाचा," त्या म्हणाल्या. "आता लोकांना दे."