दोन दिवसांचा ताप आणि बाबांचा अर्ज

आमचे बाबा कचेरीत हेडक्लार्क होते आणि घरी आल्यावरही हेडक्लार्कच राहायचे. मी दुसरीत असताना एका रविवारी मला ताप भरला. डॉक्टरांनी दोन दिवस घरी झोपवून ठेवायला सांगितलं. सोमवारी सकाळी आई बाबांना म्हणाली, "बाईंना चिठ्ठी द्या लिहून. शेजारची मुलगी निघालीय, ती नेईल."

"चिठ्ठी नाही, अर्ज," असं म्हणून बाबा कच्चा मसुदा करायला बसले. आधी ताप लिहावा की विश्रांती, इथेच त्यांचं घोडं अडलं. शेजारची मुलगी निघून गेली. मंगळवारी त्यांना 'नम्र विनंती' फारच लाचार वाटली, म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून. बुधवारी मी ठणठणीत होऊन शाळेत निघाले, तेव्हा कुठे अर्ज तयार झाला. तो मीच नेला.

बाईंनी तो दोनदा वाचला आणि खाली लाल पेनने उत्तर लिहून मला परत दिला: "याच विषयावर मुलीच्या आईची दोन ओळींची चिठ्ठी सोमवारीच मिळाली. हजेरीपटात रजा मांडली आहे. प्रकरण निकाली."

घरी बाबांनी चष्मा लावून ते वाचलं. आई मान खाली घालून भाजी निवडत राहिली. आता हिची काही धडगत नाही, असं मला वाटलं.

"बाई कामाच्या आहेत," बाबा म्हणाले. "फक्त सहीखाली तारीख राहिलीय. उद्या घालून आण."