आधी म्हणजे कधीचं

माझ्या एका सहीनं एका माणसाचं घर गेलं. नगरपालिकेतल्या एका साहेबांशिवाय हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, कारण कागदावर माझी काहीच चूक नाही.

दारव्ह्याजवळ घरांच्या प्लॉटचं लेआउट पडत होतं. रस्ते, छपरं, सिमेंट झालं की पावसाचं पाणी एकदम धावतं. म्हणून खालच्या कोपऱ्यात तळं खोदायचं आणि त्याच्या तोंडाशी असा पाइप बसवायचा की ऐन जोरातही बाहेर पडणारं पाणी आधीपेक्षा जास्त होणार नाही. पाइपाचा आकार मी काढायचा होता. मी तिथं पोचलो तेव्हा मालकानं जमीन सपाट करून, मुरूम टाकून रोलर फिरवला होता. मोजणीत माझा स्टाफ, म्हणजे आकड्यांची उंच पट्टी, धरणारे काका खालच्याच नाल्याकाठी राहायचे, मातीच्या घरात.

ते म्हणाले, "साहेब, इथी कपाशी होती. पाणी नांगराच्या तासात, धुऱ्याच्या बांधापाशी मुरून जाये. नाल्यात येतच नव्हतं लय."

मी म्हणालो, "काका, मला दिसतं तेच लिहितो."

काय ती माझी अक्कल! कडक मुरमावरून जेवढं पाणी वाहतं तेच मी 'आधीचं' धरलं. शेतातून वाहायचं त्याच्या दुपटीहून जास्त. त्या हिशेबानं दीड फुटाचा ऐसपैस पाइप निघाला. फाइल मंजूर झाली, घरं उठली.

दोन वर्षांनी एका दुपारी ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. मी तळ्यावर धावलो. तळं अर्धंसुद्धा भरलं नव्हतं. थोपवायला खोदलेलं तळं रिकामं, आणि पाइपातून पाणी धो धो खाली. नाल्याकाठच्या घराची मागची भिंत बसली होती. काका गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"साहेब," ते एवढंच म्हणाले, "तुमचं आधी म्हंजे कधीचं होतं?"

आठवड्याभरात ते बायकोला घेऊन दिग्रसला लेकीकडं गेले.

मी हिशेब पुन्हा केला, या वेळी कपाशीचं शेत धरून. उपाय लाजिरवाणा सोपा होता. पाइपाच्या तोंडावर लोखंडी पत्रा बसवायचा, त्याला निम्म्याहून लहान भोक. पाणी हळू सुटलं असतं, तळं काठापर्यंत चढलं असतं. तेवढी जागा तळ्यात होतीच. नगरपालिकेत जाऊन मी साहेबांपुढं कबूल केलं, चूक माझी आहे, पत्रा माझ्या खर्चानं लावतो.

त्यांनी माझीच मंजूर फाइल उघडली. आधीचं पाणी आणि नंतरचं पाणी, दोन्ही आकडे तंतोतंत सारखे. खाली माझी सही.

"हे तर बरोबर हाये," ते म्हणाले. मग फाइल मिटून म्हणाले, "आन् कायले लावता पत्रा? आता तिथी राह्यते कोण?"