आधार नऊ फूट

पहिल्यांदा काकांचं सांगतो, मग बाकीचं. काका म्हणजे सीपरी बाजारात शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्यांत राहणारे, सिंचाई म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले कारकून. त्यांचे पूर्वज कधीकाळी कारभारासाठी इकडे हिंदी मुलखात आले ते इकडचेच झाले. घरात मराठी बोलतात, पण वाक्य सुरू मराठीत होतं आणि संपतं कुठे ते त्यांनाही माहीत नसतं. मी सोलापूरकडचा, आठवी नापास. किराणा दुकानात मला फोनवर आईशी बोलताना ऐकून त्यांनी हाक मारली होती. त्या पावसाळ्यात माझी नोकरी आणि माझी खोली, दोन्ही राहिली ती त्यांच्यामुळे.

मी एका ठेकेदाराकडे स्टोअर सांभाळतो. सिमेंट, खिळे, गोण्या काय आलं, काय गेलं ते लिहायचं. नाल्याकाठी मजुरांच्या बावीस खोल्या आहेत, त्यातली एक माझी. तिथेच नाल्याची संरक्षक भिंत एकशेवीस फूट खचली होती. वरच्या धरणातून पाणी सोडणार असल्याची सूचना तीन दिवस आधी आली आणि त्यासोबत सिंचाई कार्यालयाचा हिंदीतला एक कागद. लंबाई १२० फुट, ऊँचाई ३ फुट, आधार ९ फुट. रेतीच्या गोण्यांचा तात्पुरता बांध घाला. कामावर आमचे साहेब होते. महिन्याभरापूर्वीच महाराष्ट्रातून बदलून आलेले, इंजिनिअर, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. अंघोळीला जातानाही ते ओळखपत्र काढत असतील की नाही, याबद्दल आम्हाला शंका होती.

साहेबांनी तो कागद दोन मिनिटांत वाचून संपवला. पंचवीस किलोची प्लास्टिकची गोणी, अर्धी भरून चपटी केली की दीड फूट लांब, एक फूट रुंद, चार इंच जाड. एकशेवीसला दीडने भागलं, ऐंशी. तीन फूट उंचीला नऊ थर. ऐंशी गुणिले नऊ, सातशेवीस. वर आधार नऊ फुटांवर, म्हणजे दर नऊ फुटांना एक बांबूचा टेकू, चौदा बांबू. मागणीपत्रावर त्यांनी तेवढंच टाकलं आणि खाली माझी सही मागितली. 'पडताळून पाहिले' असा शिक्का आधीच मारलेला होता. म्हणजे बांध पडला तर पडताळणारा मीच.

खरं सांगायचं तर मीही आधार हा शब्द टेकूच वाचला. आपल्याकडे आधार म्हणजे आणखी काय असतं? फक्त मला त्या एकाच गोणीच्या जाडीच्या भिंतीची भीती वाटत होती. सही करतो म्हणालो, जेवून येतो म्हणालो, आणि मागणीपत्रासकट कार्यालयाचा कागद खिशात घालून काकांकडे गेलो.

काकांनी चष्मा कपाळावर नेऊन कागद नाकाशी धरला. एकेका ओळीवरून बोट फिरवलं. मला वाटलं वाचताच येत नाहीये. मग म्हणाले, "कोण रे हा तुझा साहेब? आधार म्हणजे बूड आहे हे. बूड. नींव के पास की चौड़ाई. टेकू कुठून काढला ह्याने?"

काकूंनी भांडी घासायला एकदमच आणून ठेवलेल्या साबणाच्या वड्या त्यांनी मागवल्या. फरशीवर शेजारी शेजारी नऊ ठेवल्या. त्यावर आठ, मग सात, वड्या संपल्यावर बोटाने हवेत रचत एकपर्यंत गेले. प्रत्येक वडी एक फूट रुंद धर म्हणाले. बुडाशी नऊ फूट, माथ्यावर एक. नवापासून एकपर्यंतची बेरीज मला येते का विचारलं. मी बोटांवर केली, पंचेचाळीस. "हे झालं दीड फुटाच्या एका तुकड्याचं. असे तुकडे किती?" ऐंशी. ऐंशी गुणिले पंचेचाळीस, छत्तीसशे. त्यात फाटणाऱ्या, सांडणाऱ्या गोण्यांसाठी दहावा हिस्सा धरून चार हजार सांग म्हणाले. रेती वीस ब्रास. साहेबांनी चार ब्रास मागवली होती.

"उंचीच्या तिप्पट बूड नसलं की पाणी बांधाला नुसतं ढकलून देतं," काका म्हणाले. "हे आमच्या खात्यात चपराशालाही ठाऊक होतं."

मी परत जाऊन घाबरत घाबरत साहेबांना हे सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तराजूच बोलायला लागला. कितवीपर्यंत शिकलास, असं विचारलं. मी सांगितलं. आजूबाजूचे दोघे हसले, ठेकेदार तर जोरात. मग साहेबांनी मला समजावलं की गणित म्हणजे काय असतं आणि भारवाहक घटक म्हणजे काय असतं. ते सगळं मला कळलं नाही, आणि मला वाटतं त्यांनाही कळलं नव्हतं, कारण ते टॅबलेटमध्ये बघून वाचत होते. सही करायला सांगितलं. मी नाही केली. पेन टेबलावर ठेवून दोन पावलं मागे सरलो, त्याला शौर्य वगैरे म्हणू नये.

उद्यापासून येऊ नकोस, असं ठेकेदार म्हणाला. तेवढ्यात काका आले, माझं कुणी ऐकायचं नाही हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. पायात प्लास्टिकची चप्पल, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, वरून रिपरिप चालू. त्यांना जिना उतरायलाही त्रास होतो, आणि ते रिक्षातून उतरून चिखलातून आले होते. साहेबांना नमस्ते जी म्हणाले, कागद मागितला आणि तो मोठ्याने वाचला. मग मराठीत, शांतपणे: "साहेब, हिंदीत आधार म्हणजे बूड. टेकू नव्हे. पोरगं बरोबर बोलतंय. खात्री नसेल तर कार्यालयात फोन लावा, मी थांबतो."

साहेबांनी फोन लावला. पलीकडून काय बोललं गेलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण ओळखपत्र एकदा सरळ करावंसं वाटलं त्यांना. फोन ठेवून म्हणाले, "मी हेच म्हणत होतो, फक्त मागणी टप्प्याटप्प्याने करायची होती." कुणी हसलं नाही. हसण्याची किंमत त्या दिवशी फार होती. मागणीपत्रात सातशेवीस खोडून चार हजार झाले. बांबूंचे चौदा मात्र तसेच राहिले. खोडाखोड जास्त दिसू नये म्हणून असेल. ठेकेदार मला म्हणाला, उद्या लवकर ये.

दोन दिवस आम्ही गोण्या भरल्या. अर्ध्याच भरायच्या, तोंड खाली दुमडायचं, वरच्या गोणीने खालच्या दोन गोण्यांचा सांधा झाकायचा, विटांसारखं. पाण्याच्या बाजूला ताडपत्री. साहेब येऊन मधूनच गोण्या ठासून भरा म्हणून गेले. ठासून भरलेली गोणी गोल होते, बसत नाही, फटी राहतात. मुकादम 'जी साहब' म्हणाला आणि अर्ध्याच भरत राहिला.

पाणी आलं तेव्हा बांधाला दोन फुटांपर्यंत चढलं. खालून थोडं झिरपलं, ते आम्ही बादल्यांनी उपसलं. बांध हलला नाही. बावीस खोल्या कोरड्या राहिल्या आणि माझं पांघरूणही. साहेबांनी बांधापुढे उभं राहून फोटो काढून घेतला. त्यात टेकू दिसावे म्हणून दोन बांबू खास लावले होते.

काकांना चिखलात आल्यानंतर आठवडाभर ताप होता. मी औषध घेऊन गेलो तर चिडले, तुला सुट्टी कुणी दिली म्हणून. मला त्यांच्यासारखं वाचता येत नाही आणि पुढेही येणार नाही. पण माझी सही हवी असलेल्या माणसासमोर ते माझ्या बाजूने येऊन उभे राहिले. कधीतरी त्यांना कुठल्या खिडकीपुढे, कुठल्या साहेबापुढे उभं राहावं लागेल, निवृत्तिवेतनासाठी असो की दवाखान्यात. त्या दिवशी त्यांना जिना एकट्याने उतरावा लागणार नाही, आणि त्यांच्या बाजूने पहिलं मी बोलेन. कितवीपर्यंत शिकलास, असं विचारलं तरी बोलेन.